सेहेचाळिसावा तुकडा

बसमध्ये चढली की कंडक्टर तिला अर्धं तिकीट द्यायचा आणि ती ते परत करायची. "पूर्ण द्या. एकविसावं चालू आहे मला." कंडक्टर हसायचा, आजूबाजूचे वळून बघायचे. एकदोघे म्हणायचे, अगं घे की, वाचले तेवढे पैसे. पण ती हात पुढे करून उभी राहायची आणि पूर्ण तिकीट मिळाल्याशिवाय जागेवर बसायची नाही.

मामानं तिचं नाव लवंगी ठेवलं होतं. लहानशी, पण तोंडात टाकली की डोळ्यांत पाणी. शाळेत ती पहिल्या बाकावर बसायची, कॉलेजातही पहिल्याच. आई घरी शाळांचे गणवेश शिवायची. उरलेल्या कापडात लवंगीचे कपडे निघायचे, आणि आई म्हणायची, देवानं माझा खर्च बघूनच पोरगी दिली. वडील ती कॉलेजात असताना गेले. मोठा भाऊ, दादा, एका छापखान्यात होता. घरात एवढीच माणसं. रोज सकाळी चहाबरोबर आई तिच्या तळहातावर एक गोळी ठेवायची. रक्तवाढीची, असं ती तेरा-चौदाची असल्यापासून ऐकत आली होती. दात घासण्यासारखीच ती एक सवय झाली होती, आणि सवयींना कुणी प्रश्न विचारत नाही.

सरकारी इस्पितळाच्या अनुवंशशास्त्र विभागात प्रशिक्षणार्थी हवे होते. मुलाखतीत एकानं विचारलं, इनक्युबेटरच्या वरच्या फळीपर्यंत तुझा हात पोहोचेल का? लवंगीनं खोलीत नजर फिरवली. "स्टूल इस्पितळाचंच आहे ना? मग चढेन." कोपऱ्यात बसलेल्या विभागप्रमुख बाई पहिल्यांदाच हसल्या. निवड झाली.

बाई मोजकं बोलायच्या आणि चूक दिसली की स्लाइड न बोलता कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. विभाग म्हणजे तीन खोल्या. पहिलीत कल्चर, म्हणजे पेशी वाढवायची सोय, दुसरीत सेंट्रिफ्यूज आणि मोरी, तिसरीत मायक्रोस्कोप आणि अंधारखोली. मधल्या खोलीला बारा महिने आंबट वास. मिथेनॉल आणि असेटिक ॲसिडचा. तो लवंगीच्या केसांत घरापर्यंत यायचा आणि आई नाक मुरडायची. लवंगीबरोबर आणखी एकच प्रशिक्षणार्थी होती, हाडापेरानं चांगली उंच. तिला सगळे शिडी म्हणायचे. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की वॉर्डबॉयसुद्धा थांबून बघायचे. दोघींना त्याचं काही वाटायचं नाही. वरच्या फळीवरचं शिडी काढायची, टेबलाखालचं लवंगी.

पहिल्या आठवड्यात बाईंनी त्यांना कोल्चिसिन शिकवलं. एका फुलझाडाच्या कंदातलं हे विष. रक्ताचे थेंब पोषक द्रवात घालून, घेवड्याच्या जातीच्या बियांतून काढलेल्या द्रव्यानं पांढऱ्या पेशींना विभागायला लावायचं, तीन दिवस अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवायचं, आणि पेशी जोमात वाढू लागल्या की हे विष सोडायचं.

"पेशी दोन व्हायला निघते," बाई म्हणाल्या, "तेव्हा तिच्या दोन टोकांकडून दोऱ्या येतात. गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी राहतात आणि दोऱ्या त्यांना ओढून दोन्हीकडे वाटून नेतात. त्या दोऱ्या एका प्रथिनाच्या सुट्या कड्या जोडून बनतात. कोल्चिसिन त्या सुट्या कड्यांनाच जाऊन चिकटतं. कडीला कडी धड जुळेना, की दोरी होईना. दोरी नाही, म्हणजे ओढणारं कुणी नाही."

"मग गुणसूत्रं तिथंच उभी?" लवंगीनं विचारलं.

"तिथंच. सगळ्यांना दोरी लागल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, असा पेशीचाच नियम आहे. ती वाट बघत थांबते. आणि आपल्याला हवी असते ती नेमकी हीच घडी, कारण गुणसूत्रं तेव्हा सगळ्यात घट्ट गुंडाळलेली असतात. एरवी सुताचा गुंता. तो कुणी मोजायचा?"

"पण थांबून थांबून कंटाळत नाही ती?"

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. बहुधा हा प्रश्न त्यांना आवडला असावा. म्हणाल्या, गुंडाळणं मात्र थांबत नाही. फार वेळ ठेवलंस तर गुणसूत्रं आखूड, जाडजूड होतात, पट्टे एकमेकांत मिसळतात, काही ओळखू येत नाही. कमी वेळ ठेवलंस तर थांबलेल्या पेशीच हाताला लागत नाहीत. तेव्हा घड्याळाकडे लक्ष ठेव.

लवंगीनं पहिल्याच खेपेला माती खाल्ली. कोल्चिसिन घातलं आणि कँटीनमध्ये कुणाशी तरी वाद घालत बसली. स्लाइडवर गुणसूत्रं कसली, नुसते तांदळाचे तुकडे. बाईंनी ती डब्यात टाकली. पुढच्या वेळी ती घड्याळ समोर ठेवून बसली आणि शिडीनं हाक मारली तरी उठली नाही.

प्रशिक्षणाचा रिवाज असा होता, की प्रत्येकीनं आपल्याच रक्ताचा कॅरिओटाइप करायचा, म्हणजे आपलीच गुणसूत्रं मोजून, जोड्या लावून मांडायची. दुसऱ्याच्या रक्ताशी खेळण्याआधी स्वतःचं सांडा, बाई म्हणायच्या. लवंगीनं दंड पुढे केला, शिडीनं सुई टोचली. कल्चर झालं, कोल्चिसिन वेळेत घातलं, वेळेत थांबवलं. सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी तळाला बसवल्या. मग पातळ, कोमट मिठाचं पाणी: पेशी ते पिऊन टम्म फुगतात आणि आतली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटतात. मग तो आंबट वासाचा द्रव, जो पेशींना आहेत तशा गोठवतो. शेवटी थंड, ओल्या काचेवर उंचीवरून थेंब सोडायचा. यासाठी शिडीला स्टूल लागत नव्हतं. लवंगी स्टुलावर चढली आणि तिचा थेंब शिडीच्या थेंबाहून सुरेख पसरला.

पट्टे उठावेत म्हणून स्लाइडला विकराची, म्हणजे एन्झाइमची, आंघोळ घातली, मग जांभळा रंग. मायक्रोस्कोपखाली एक छान पसरलेली पेशी सापडली. तिचा फोटो काढला, अंधारखोलीत मोठा केला, आणि दुसऱ्या दिवशी दोघी कात्र्या घेऊन टेबलाशी बसल्या.

कात्री ही लवंगीच्या हातातली गोष्ट होती. गणवेशांच्या ढिगात ती लहानाची मोठी झाली होती. शिडी एकेक गुणसूत्र कोरत असताना लवंगीचे सगळे तुकडे कापून झालेसुद्धा. मग जोड्या. सगळ्यात लांब ते एक नंबर, मग दोन, तीन. नुसत्या लांबीवर भागत नाही. गुणसूत्राची कंबर कुठे आहे, मध्ये की टोकाकडे, ते बघायचं, आणि तेही सारखं निघालं तर पट्टे जुळवायचे. आखूड बाहू वर, लांब खाली, सगळ्यांच्या कंबरा एका रेषेत. अशा बावीस जोड्या, आणि शेवटी स्त्रीची असतील तर दोन एक्स: एकूण सेहेचाळीस.

बावीस जोड्या लागल्या. शेवटच्या जागेवर लवंगीनं एक एक्स ठेवला आणि दुसरा घ्यायला हात पुढे केला. टेबल मोकळं होतं.

"खाली पडला असेल," शिडी म्हणाली. दोघी गुडघ्यावर बसल्या. टेबलाखाली, खुर्चीखाली, कातरणांच्या डब्यात. शिडीनं डबा वर्तमानपत्रावर ओतला आणि एकेक कातरण उलटून पाहिली. लवंगीनं स्वतःचे खिसे पाहिले, चपलेचे तळवे पाहिले. पुसायला आलेल्या मावशीसुद्धा काय हरवलंय ते न विचारताच शोधायला लागल्या. बाई आत आल्या तेव्हा तिघी जमिनीवर होत्या.

बाईंनी मूळ फोटो उचलला आणि पेन्सिलीच्या टोकानं मोजायला सुरुवात केली. मोजून झाल्यावर परत मोजलं.

"तुकडा हरवलेला नाही," त्या म्हणाल्या. "फोटोतच पंचेचाळीस आहेत."

मग त्यांनी समजावलं, की असं होतं. पेशी जास्त फुगली किंवा थेंब जोरात आदळला, तर ती फुटते आणि एखादं गुणसूत्र बाहेर निसटतं. म्हणून एका पेशीवर कुणी कधी निकाल देत नाही. दुसऱ्या पेशी बघ. लवंगी मायक्रोस्कोपशी बसली. पुढची पेशी: पंचेचाळीस. त्याच्या पुढची: पंचेचाळीस. ती बोटांच्या पेरांवर मोजत राहिली, दुपारचा डबा तसाच राहिला. मोजता मोजता तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. हरवतच असतं तर दर वेळी वेगळं हरवायला हवं होतं. इथं बाकी सगळं जागच्या जागी होतं आणि दर पेशीत एक्सच एकटा होता.

कॉलेजच्या पुस्तकात तिनं हे वाचलं होतं. तिथं एका बुटक्या बाईचा फोटो होता, मानेला पंखासारखी कातडी, डोळ्यांवर काळी पट्टी छापलेली. आपली मान तशी नाही, एवढं बघून तिनं ते पान चटकन उलटलं होतं. का उलटलं होतं, हे तिला आता कळलं.

बाईंनी नवीन रक्त घेऊन सगळं पहिल्यापासून करायला लावलं. उत्तर तेच आलं. मग त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. आधी हृदय तपासून घे, म्हणाल्या, अशा मुलींच्या हृदयाकडे आणि त्यातून निघणाऱ्या महारोहिणीकडे लक्ष ठेवावं लागतं. चिठ्ठीही लिहून दिली. त्या काय सांगत होत्या ते लवंगीला नीट ऐकू येत होतं: बुद्धीला काही नाही, आयुष्याला बहुधा काही नाही, स्वतःचं मूल होण्याची आशा मात्र जवळजवळ नाही. मग बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, प्रशिक्षणाच्या परीक्षेला तुझ्या जागी शिडीच्याच रक्ताचा दुसरा नमुना लाव. बाहेरचे परीक्षक येतात, बोभाटा होतो. उद्या लग्नाचं काही निघालं तर...

"बाई, मी कुणाचं काही चोरलंय का?"

"तसं नाही गं."

"मग लपवू कशाला? काम माझं आहे. रक्तही माझंच लागेल."

घरी आई मशीनवर होती. लवंगीनं गोळ्यांची बाटली मशीनच्या पाटावर ठेवली आणि विचारलं, या कशाच्या आहेत. आईनं पायडल थांबवलं. उत्तर द्यायच्या आधीच तिचा चेहरा सांगून गेला. पाळी येत नाही म्हणून तेराव्या वर्षी आई तिला दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तिथं रक्त तपासून हेच निघालं होतं. डॉक्टरच म्हणाले होते, मुलीला सांगू नका, उगीच खचेल. ती पाळीही गोळ्यांनीच आणली होती.

"आठ वर्षं, आई."

"सांगून काय तुझी उंची वाढणार होती?" आई म्हणाली. "मला वाटलं, जितके दिवस तुला ठाऊक नाही, तितके दिवस तू सुखात."

"सुखात नव्हते मी. मला वाटायचं, मीच कुठंतरी कमी पडते. खाण्यात, व्यायामात. दोरीच्या उड्या मारमारून पाय दुखायचे माझे, आणि तू बघत होतीस."

आईनं मशीन सुरू केलं, पण सुई रिकामीच चालत होती; दोरा कधीच तुटला होता.

दादानं वेगळा घोळ घातला. त्याच्या छापखान्यातल्या एका मित्रानं लवंगीला मागणी घातली होती, आणि दादाचं म्हणणं, लग्न तर होऊ दे, पुढचं पुढे. मूल काय, कित्येकांना होत नाही. मित्र आईवडिलांना घेऊन आला. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग लवंगी म्हणाली, की एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय, आणि तिनं सांगितली, लॅबमध्ये सांगावी तशी, आवाज न चढवता. मुलाचे वडील कप खाली ठेवायला विसरले. दादा भिंतीकडे बघत राहिला. मुलगा मात्र बिचारा भला होता. दारात त्यानं तिला विचारलं, मग गप्प बसायचं ना, माझं काही म्हणणं नव्हतं. "ठाऊक असून म्हणणं नसतं, तर मी विचार केला असता," ती म्हणाली. तो परत आला नाही. दादा महिनाभर तिच्याशी तुटक वागला आणि तिनंही त्याची मनधरणी केली नाही.

परीक्षेला आलेले डॉक्टर नावाजलेले होते आणि त्यांची विचारण्याची पद्धत सुई टोचल्यासारखी. शिडीला त्यांनी घाम फोडला. मग लवंगीचा तक्ता उचलून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हा नमुना कुणाचा?"

"माझा, सर."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला, आणि लवंगीला सगळ्यात बरं वाटलं ते हे, की त्यांचा आवाज जराही मऊ झाला नाही.

"पंचेचाळीस म्हणतेस. कशावरून? तुझ्याच हातून हरवलं नसेल कशावरून?"

"हातून हरवलं असतं तर प्रत्येक पेशीत निराळं हरवलं असतं, सर. कधी नऊ, कधी बावीस. इथं सगळ्या जोड्या पूर्ण आहेत आणि दर वेळी एक्सच एकटा. दुसऱ्यांदा नवीन रक्तावर केलं, तरी तेच."

"हा एक्सच कशावरून? सात नंबरही एवढाच लांब असतो."

"सातच्या आखूड बाहूच्या टोकाला गडद पट्टा असतो. याच्या टोकाला नाही; याच्या दोन्ही बाहूंवर आत एकेक ठळक पट्टा आहे. आणि सातची जोडी तिथं पूर्ण लागलीय."

त्यांनी आणखी बरंच विचारलं. कोल्चिसिन जास्त झालं तर काय, कमी झालं तर काय. एका प्रश्नाला ती अडली आणि ठाऊक नाही म्हणाली. त्यांनी उत्तर सांगितलं, तिनं ते ऐकून घेतलं. शेवटी तक्ता खाली ठेवून ते म्हणाले, काम चोख आहे. मग, जरा थांबून, विद्यार्थ्यांना शिकवायला तुझा एक फोटो मिळाला तर उपयोगी पडेल. अर्थात डोळ्यांवर पट्टी टाकू, ओळख पटणार नाही.

"पट्टी टाकणार असाल तर फोटो नको, सर."

"अगं, ती तुझ्यासाठीच असते."

"माझ्यासाठी असेल तर मी सांगते ना, नको म्हणून. बघणाऱ्यांनी माझ्याकडे बघावं आणि मीही त्यांच्याकडे बघीन. नाहीतर हा तक्ता आहे, तेवढ्यावर शिकवा."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. नियम नियम असतो, म्हणाले, आणि फोटो काढला नाही. गुण मात्र शिडीपेक्षा जास्त दिले. पुढे बाईंनीच तिला विभागात कायम करून घेतलं.

आई तिच्याशी बोलायची, पण वरवरचं. भाजी आणलीस का, दार लाव. एके रविवारी मात्र तिनं मशीनवरून मान वर न करता विचारलं, ते तुम्ही रक्तातलं बघता, ते माझंही बघता येतं का. लवंगीला आधी कळेना. मग कळलं. वडिलांची बहीण, आत्या, डॉक्टरकडे जाऊन आल्याच्या दिवसापासून आईला ऐकवत आली होती, की आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, हे तुझ्याकडून आलं. आठ वर्षं आईनं ते गिळलं होतं आणि मनात धरून ठेवलं होतं.

बाई म्हणाल्या, गरज नाही, हे आईबापांच्या रक्तातून चालत येत नाही. एका वाटणीच्या वेळी घसरलं, एवढंच. पण त्यांनी रक्त घ्यायला परवानगी दिली. आईनं दंड पुढे करताना डोळे घट्ट मिटले. तिचा तक्ता लवंगीनं स्वतः लावला आणि आईला लॅबमध्ये बोलावून, स्टुलावर बसवून दाखवला. आईनं बोटानं एकेक जोडी मोजली, कापडाचे तुकडे जोडीला लागतात का ते बघावं तशी. सगळ्या लागत होत्या.

"म्हणजे माझ्यात काही नाही?"

"नाही. आणि हे पूर्ण निघालं नसतं, तरी दोष तुझा नव्हता. बीजाच्या नाहीतर पहिल्यावहिल्या पेशीच्या वाटणीत कधीकधी एक मागे राहतं. बहुतेक वेळा बापाकडचं. त्यात बाबांचाही दोष नाही."

आईच्या तोंडावर हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी. "विसरभोळे होतेच ते," ती म्हणाली. "बाजारातून कधी सगळं सामान आणलं त्यांनी?" आणि हसता हसताच तिनं पदरात तोंड लपवलं. लवंगी स्टुलाशेजारी उभी होती; बसलेल्या आईच्या खांद्याला तिचा खांदा बरोबर लागत होता.

पुढच्या महिन्यात आत्या आली. चहा पिता पिता तिनं नेहमीचा सूर लावला, बिचारी पोर, कुणाचं पाप कुणाच्या माथी. आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"वन्सं, पाप नाही आणि बिचारी पण नाही," ती म्हणाली. "माझ्या घरात तिला बिचारी म्हणायचं नाही. म्हणायचं असेल तर चहा संपवून निघा."

आत्यानं दादाकडे बघितलं. दादानं बशी उचलून मोरीत नेली. आतल्या खोलीत लवंगी सोमवारच्या कामाला लागणारा पांढरा कोट इस्त्री करत होती. इस्पितळाचे कोट तिला मोठेच व्हायचे; हा आईनं नव्यानं शिवला होता, बाह्या तिच्या हाताच्या मापाच्या. पहिल्यांदाच तिला त्या दुमडाव्या लागणार नव्हत्या.